‘त्या’ गेल्या, ‘मी’ आले

स्वतःचा परिचय तृतीयपुरुषातून प्रथमपुरुषात आणणं हे इतकं विलक्षण काम असेल, याची मला सुतराम कल्पना नव्हती! वेबसाइटवरचं ‘माझ्याविषयी’ हे पान, पाच ओळींचा मजकूर, आणि करायचं काय, तर ‘त्या’च्या जागी ‘मी’ लिहायचं. पण ते करायला बसले आणि वाक्यावाक्यातून काय काय निघत गेलं! क्रियापदं बदलताना विशेषणं गळली, विशेषणं गळल्यावर कोणतं काम नेमकं कुणी केलं हे लिहावं लागलं, आणि ते लिहिताना माझ्या व्यवसायाबद्दलची अशी वाक्यं सापडली, जी आधीच्या परिचयात मावलीच नसती. हे सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ठाण्यात जुन्या इमारतींचं ऑडिट करते. इमारत 30 वर्षांची झाली की सोसायटीला तिची रचना तपासून घ्यावी लागते, आणि तेव्हा कमिटीची मंडळी तीन-चार जणांकडून कोटेशन मागवतात. कोटेशन हातात आलं की सेक्रेटरी रात्री घरी बसून त्या त्या इंजिनिअरचं पान उघडतो. आपल्या छताला हात लावणारी ही बाई कोण, हे त्याला बघायचं असतं. त्याच्यासाठी माझ्या पानावर होतं ते एका परिषदेच्या स्मरणिकेतून उचललेलं हे:

‘श्रीमती (पुढे माझं नाव) या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग क्षेत्रातील अनुभवी तज्ज्ञ असून गेली बारा वर्षे ठाणे येथे कार्यरत आहेत. त्यांनी सांगली येथील वालचंद कॉलेजमधून सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी संपादन केली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली दीडशेहून अधिक इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे. जुन्या इमारतींच्या संवर्धनातील मोलाच्या योगदानाबद्दल त्या सर्वत्र ओळखल्या जातात. फावल्या वेळेत त्यांना आपला ट्रेकिंगचा छंद जोपासायला आवडते.’

स्मरणिकेत हे अगदी शोभतं. तिथे आयोजक पाहुण्याची ओळख करून देत असतो, आणि दुसऱ्याची ओळख आदरानं, चार चांगले शब्द घालूनच द्यायची असते. वेबसाइटवर मात्र मधे आयोजक नसतो. पान माझं, फोटो माझा, खाली फोन नंबर माझा, आणि बोलतंय कोण?

पहिल्या फेरीत मी मुद्दाम फक्त व्याकरण बदललं, बाकी कशालाच हात लावला नाही. ‘मी स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग क्षेत्रातील अनुभवी तज्ज्ञ असून गेली बारा वर्षे ठाणे येथे कार्यरत आहे. मी सांगली येथील वालचंद कॉलेजमधून सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी संपादन केली.’ व्याकरण चोख! पण असं कुणी बोलतं का हो? ‘मी कार्यरत आहे’ असं आजवर कुठल्या माणसानं चहा पिता पिता सांगितलंय? ही कोरडी फेरी करायलाच हवी असं माझं ठाम मत झालंय, कारण कुठले शब्द आपल्या तोंडचे नाहीत ते तिच्यातच उघडं पडतं. तृतीयपुरुषात ते खपून गेलेले असतात. ‘असून’, ‘येथे’, ‘कार्यरत’, ‘संपादन केली’ हे सगळे शब्द ‘त्या’ होत्या तोवर घरचे वाटत होते. ‘मी’ आल्याबरोबर ते परके झाले.

मग भाषाच उतरवली. ‘ठाणे येथे’चं ‘ठाण्यात’ झालं, ‘पदवी संपादन केली’चं ‘शिकले’ झालं, ‘ऑडिट पूर्ण झाले आहे’चं ‘ऑडिट केलंय’ झालं. इथे एक बारकी गोष्ट नीट सांभाळावी लागते. एकदा ‘केलं’, ‘झालं’ असं बोलीतलं लिहायला घेतलं की शेवटपर्यंत तेच ठेवायचं. एका वाक्यात ‘केलं’ आणि पुढच्यात ‘झाले आहे’ आलं की दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं, आणि जुना मजकूर कुठे चिकटलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. छंदाच्या वाक्यातला ‘आपला’ही असाच अडकून बसतो. ‘त्यांना आपला छंद’ ठीक आहे, पण ‘मला आपला छंद’? तिथे सरळ ‘माझा’ हवा, किंवा काहीच नको. म्हणून काम झालं की पानावर ‘आपला’, ‘आपल्या’, ‘यांनी’, ‘येथे’, ‘असून’ हे शब्द एकेक करून शोधायचे. राहिलेला तृतीयपुरुष बहुतेक त्यांच्याच आसपास दडलेला असतो.

आता विशेषणं. ‘अनुभवी तज्ज्ञ’, ‘मोलाचे योगदान’, ‘सर्वत्र ओळखल्या जातात’. हे दुसऱ्यानं म्हटलं तर कौतुक. ‘मी सर्वत्र ओळखली जाते’ असं मीच म्हटलं तर? वाक्य उभंच राहत नाही! सुरुवातीला वाटलं, हे शब्द काढले तर परिचय लुळा पडेल. पण प्रत्येक विशेषण काढताना ते कशाच्या जोरावर लावलं होतं, एवढंच स्वतःला विचारायचं आणि ती गोष्टच तिथे लिहायची. ‘अनुभवी’ कशावरून? दीडशेहून अधिक इमारती तपासल्यात म्हणून. हा आकडा वाक्यात आहेच, मग ‘अनुभवी’ हवंय कशाला? ‘मोलाचे योगदान’ म्हणजे नेमकं काय, याचं मात्र माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. आणि तिथेच मावशीनं कमाल केली.

माझी मावशी शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. तिला समोर बसवून मी सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. स्वतःच्या तोंडानं, समोरच्या माणसाकडे बघत ‘मी’चं वाक्य म्हणायचं, यासारखी दुसरी परीक्षा नाही, जे म्हणताना नजर खाली जाते ते वाक्य बदलायचं. मी ‘दीडशेहून अधिक इमारतींचं ऑडिट यशस्वीरीत्या पूर्ण केलं’पर्यंत आले आणि तिनं थांबवलं.

‘अगं, यशस्वीरीत्या म्हणजे? सगळ्या पास झाल्या?’

‘नाही मावशी, पास-नापास असं नसतं.’

‘मग एखादी पडायला आली असेल तर सांगतेस ना तसं?’

‘सांगावंच लागतं. रिकामी करा म्हणून लिहून देते.’

‘मग हे लिही की! यशस्वीरीत्या काय लिहितेस?’

काय बोलली बघा! ऑडिट म्हणजे पुलाचं उद्घाटन नव्हे. त्यात इमारतीला दर्जा द्यावा लागतो. अतिधोकादायक असली तर C1, म्हणजे रिकामी करून पाडायची. C2A म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. C2B म्हणजे लोक राहत असताना करता येईल अशी दुरुस्ती, आणि C3 म्हणजे किरकोळ डागडुजी. चाळीस कुटुंबांच्या सोसायटीला C1 लिहून देणं ही माझ्या कामातली सगळ्यात जड गोष्ट आहे, आणि स्मरणिकेतल्या परिचयात तिचा मागमूसही नव्हता, कारण ‘यशस्वीरीत्या’ या शब्दाखाली ती झाकली गेली होती. ‘मी’ आल्यावर ती वर आली: ‘काहींना किरकोळ दुरुस्ती पुरेशी होती, काहींना इमारत रिकामी करा असं लिहून द्यावं लागलं.’ पान उघडून बसलेल्या सेक्रेटरीला नेमकं हेच हवं असतं! ही बाई गोड बोलून पैसे घेणारी आहे की खरं सांगणारी आहे, हे ‘मोलाच्या योगदाना’तून त्याला कळणार नाही. या वाक्यातून कळतं.

त्याहून मोठा शोध पुढे होता. ‘त्यांच्या मार्गदर्शनाखाली.’ किती सोयीचा शब्दप्रयोग! ऑडिट पूर्ण झालं, पण केलं कुणी, हे वाक्य सांगतच नाही. आता याचं ‘मी’ कसं करायचं? ‘मी दीडशे इमारतींचं ऑडिट केलं’ हे पूर्ण खरं नाही, कारण चाचण्या माझे दोन सहकारी करतात. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली झालं’ म्हटलं तर मी खुर्चीत बसून होते असं वाटतं, आणि तेही खरं नाही. मग मी एका इमारतीचं काम डोळ्यांपुढे आणलं आणि कोण काय करतं ते मनातल्या मनात बघत गेले.

पहिल्या दिवशी मी स्वतः फिरते. गच्चीपासून सुरुवात, मग प्रत्येक मजला, प्रत्येक घरातलं न्हाणीघर, शेवटी खालची पाण्याची टाकी. छतावर हातोडीनं हलकेच वाजवून बघायचं. घट्ट प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस रेघ दिसली की आतली सळई गंजतेय. हे बघून कुठल्या कॉलमवर, कुठल्या बीमवर कुठली चाचणी घ्यायची याच्या खुणा मी करते. मग सहकारी येतात. काँक्रीटचा एक कोपरा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारतात. काँक्रीट जिथे शाबूत आहे तिथे ते गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ज्याची क्षारता गेली आहे ते रंग घेतच नाही. ही बेरंगी पट्टी किती आत गेली आहे ते मोजपट्टीनं मोजायचं. ती सळईपर्यंत पोहोचली असली तर सळईचं कवच गेलं, आता ओल मिळाली की गंज धरणार. हे आकडे माझ्याकडे येतात, अहवाल मी लिहिते, सही माझी असते आणि सोसायटीच्या सभेत उत्तरं द्यायलाही मीच जाते.

एवढं बघितल्यावर ‘मार्गदर्शनाखाली’चे आपोआप तुकडे पडले: ‘प्रत्येक इमारतीत मी स्वतः फिरते. चाचण्या माझे दोन सहकारी करतात; कोणती कुठे घ्यायची ते मी ठरवते. अहवालावर सही माझी असते.’ ‘मी’ लिहायचं ठरवलं म्हणून सहकाऱ्यांना पानावर जागा मिळाली! ‘त्या’ होत्या तोवर ते दोघे कुठेच नव्हते. प्रथमपुरुषात लिहिलं की माणूस स्वतःचंच घोडं दामटतो, असं लोक म्हणतात. माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे. कर्ता लिहावा लागला की खोटा कर्ता लिहिता येत नाही.

इथे ‘आम्ही’चा मोह पडतो, तोही सांगते. ऑफिस छोटं असलं तरी ‘आम्ही ऑडिट करतो’ लिहिलं की भारदस्त वाटतं. पण माझा फोटो असलेल्या, माझं नाव वर असलेल्या पानावर ‘आम्ही’ आलं की वाचणारा विचारात पडतो, माझ्या इमारतीत नक्की येणार कोण? तेव्हा ‘आम्ही’ जिथे खरोखर तिघं मिळून काही करतो तिथेच. आणि ‘आपण’ तर अजिबात नको, कारण त्यात वाचणाराही येतो. ‘आपण स्लॅब तपासतो’ म्हटलं की सेक्रेटरीच्या हातात हातोडी दिल्यासारखं होतं!

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. मजकूर झाला आणि प्रत्येक वाक्य ‘मी’नं सुरू होतंय हे लक्षात आलं. मी शिकले, मी तपासते, मी लिहिते, मी जाते. कान किटतात. पण मराठीची ऐट बघा, ‘मी’ पुष्कळ ठिकाणी लागतच नाही! एकदा पहिल्या वाक्यात ‘मी’ येऊ द्या, मग ‘सांगलीत शिकले, 2011 पासून ठाण्यात काम करते’ यात ‘मी’ नसूनही मीच बोलतेय हे क्रियापद सांगतं. छान! पण सरसकट नाही. ‘शिकले’, ‘फिरते’, ‘ठरवते’ ही क्रियापदं माझ्याप्रमाणे चालतात. ‘तपासल्या’, ‘लिहिला’, ‘केलं’ ही मात्र इमारतींप्रमाणे, अहवालाप्रमाणे, कामाप्रमाणे चालतात. ‘दीडशे इमारती तपासल्या’ एवढंच लिहिलं तर त्या मी तपासल्या, तिनं तपासल्या की महापालिकेनं, हे क्रियापदात कुठेच नाही. म्हणून तिथे ‘मी’ ठेवायचा, आणि तोही वाक्याच्या सुरुवातीला नको, आत सरकवायचा: ‘दीडशेहून अधिक इमारती मी तपासल्या.’ ‘मी’ कुठे गाळायचा आणि कुठे ठेवायचा याचा असा पक्का नियम हातात आल्यावर मला इतका आनंद झाला की सगळ्या वाक्यांना पेन्सिलनं खुणा करत बसले.

याच क्रियापदांत आणखी एक गंमत आहे. ‘करते’, ‘शिकले’ म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळतं. ‘अहवाल मी लिहिला’ यात कळत नाही. मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि घरी फोनवर मी अजून तशीच बोलते. पानावर काय लिहायचं? मनापासून वाटत होतं ‘करतो’ लिहावं. पण ठाण्यातल्या वाचणाऱ्याला वर बाईचं नाव आणि खाली ‘करतो’ दिसलं असतं तर मजकूर दुसऱ्या कुणाचा चिकटवलाय असं वाटलं असतं. म्हणून पानावर ‘करते’ ठेवलं.

आकड्यांचं पटकन सांगते. ‘गेली बारा वर्षे’ हे छापल्या क्षणापासून शिळं व्हायला लागतं. माझ्या पानावर ते कधीच चुकीचं ठरलं होतं. तिथे साल लिहायचं, ‘2011 पासून’. ते कधी बदलावं लागत नाही.

आणि एक गोष्ट हातून निसटते ती म्हणजे नाव! तृतीयपुरुषात नाव पहिल्याच ओळीत असतं. प्रथमपुरुषात मजकूरभर फक्त ‘मी’, नाव गायब. ‘मी अमुक तमुक’ अशी सुरुवात करता येते, पण ती भाषणासारखी वाटते. त्यापेक्षा नाव मथळ्यात ठेवलेलं उत्तम. नावानं शोधणाऱ्यालाही पान सापडायला मदत होते. ‘माझ्याविषयी’ एवढाच मथळा ठेवला तर नाव कुठेच उरत नाही. माझ्या पानावर आता असं आहे, फक्त नावाची जागा इथे मोकळी दाखवते:

```html
<title>(नाव) | स्ट्रक्चरल ऑडिट, ठाणे</title>
<meta name="description" content="(नाव) ठाण्यात जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतात.">
<h1>(नाव)</h1>
```

मधल्या ओळीत ‘करतात’ आहे, ते मुद्दाम. ती ओळ शोधाच्या यादीत, पानाच्या बाहेर दिसू शकते. तिथे माझा चेहरा नाही, दहा इतर दुवे आहेत. अशा गर्दीत नुसतं ‘मी’ म्हटलं तर मी म्हणजे कोण? दाराबाहेरच्या पाटीवर नाव, आत शिरल्यावर ‘मी’.

तर सगळं होऊन उरलं ते हे:

‘मी ठाण्यात जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करते. सांगलीच्या वालचंद कॉलेजमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग शिकले आणि 2011 पासून ठाण्यात काम करते आहे. आतापर्यंत दीडशेहून अधिक इमारती मी तपासल्या. काहींना किरकोळ दुरुस्ती पुरेशी होती, काहींना इमारत रिकामी करा असं लिहून द्यावं लागलं. प्रत्येक इमारतीत गच्चीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत स्वतः फिरते. चाचण्या माझे दोन सहकारी करतात; कोणती कुठे घ्यायची ते मी ठरवते. अहवालावर सही माझी असते आणि तो सभेत समजावून सांगायलाही येते. सुट्टी मिळाली की सह्याद्रीत ट्रेकला जाते.’

‘जाते’ नाही, ‘येते’! ‘सभेत समजावून सांगायलाही येते.’ आधीच्या खर्ड्यात ‘जाते’ होतं. पण वाचणारा सेक्रेटरी स्वतः त्या सभेत बसलेला असणार, मग मी त्याच्याकडे येणारच ना! एका क्रियापदानं मी त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये उभी राहिले. तृतीयपुरुषात हे करायला जागाच नाही, कारण तिथे बोलणाराही नसतो आणि ऐकणाराही.

जुना ‘त्या’वाला परिचय मी टाकून मात्र दिलेला नाही. सभेत अध्यक्ष माझी ओळख करून देतात तेव्हा त्यांच्या हातात ‘मी ठाण्यात ऑडिट करते’ असा कागद कसा द्यायचा? महापालिकेच्या पॅनेलच्या अर्जात, परिषदेच्या पत्रिकेत तृतीयपुरुषच लागतो. फक्त तोही आता या नव्यावरून उलटा तयार केलाय. ‘अनुभवी तज्ज्ञ’ गेलं, ‘यशस्वीरीत्या’ गेलं, ‘मार्गदर्शनाखाली’ गेलं, आणि ‘चाचण्या त्यांचे दोन सहकारी करतात’ हे वाक्य आलं. दोन्हीकडचं साल आणि आकडा एकच असेल याची काळजी घ्यायची, म्हणजे झालं.

आता त्या दोघा सहकाऱ्यांचे परिचय मी मागून घेतलेत! त्यांतल्या एकाच्या मजकुराचं पहिलंच वाक्य आहे, ‘विविध अत्याधुनिक चाचण्यांमध्ये त्यांचा हातखंडा आहे.’ त्याला फोन करून विचारलं, ‘अरे, फिनॉल्फ्थॅलीन मारायच्या आधी तू काँक्रीटची धूळ फुंकून का काढतोस?’ तर म्हणाला, ‘मॅडम, फोडताना उडालेली धूळ बेरंगी भागावर बसली तर तोसुद्धा गुलाबी दिसतो, मग खोली कमी मोजली जाते.’ म्हटलं, हेच लिहून पाठव, ‘मी’ घालून.